पुन्हा पहाटे साडेतीन

माझं डिप्रेशन रडारड करत येत नाही. ते आधी झोपेचं मागचं टोक कुरतडतं. रात्री दहाला पडल्या पडल्या डोळा लागतो आणि पहाटे साडेतीनला टक्क जाग येते, जणू कोणी हाक मारली. त्यानंतर फोन वाजले तरी उचलावेसे वाटत नाहीत. मग आंघोळ पुढे पुढे ढकलली जाते. सगळ्यात शेवटी भाजी घेणं अवघड होतं. मंडईत वांगी घ्यावीत की दोडका, एवढं ठरवायला मी पाच-पाच मिनिटं उभी राहते आणि शेवटी काहीच न घेता परत येते. मनात दुःख असं ज्याला म्हणतात, ते या सगळ्यानंतर उगवतं.

पहिल्या वेळी हा क्रम मला माहीत नव्हता. साताऱ्यात एका पतसंस्थेत मी हिशेबाचं काम करते. मार्चअखेरच्या जागरणांनी शरीर दमलंय, असं समजून मी तेव्हा बरेच आठवडे ढकलले. नंतर निदान झालं, औषध सुरू झालं, समुपदेशन झालं आणि बरं वाटायला लागलं. चांगलं वर्षभर बरं होतं. डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी आधी अर्धी केली, मग बंद केली. आषाढ गेला, श्रावणात सत्यनारायण झाला, मी पन्नास माणसांचा शिरा केला. आणि भाद्रपदात एका पहाटे डोळे उघडले, भिंतीवरच्या घड्याळात साडेतीन.

दुसऱ्यांदा आजारी पडण्यात एक जास्तीचं ओझं असतं. पहिल्या वेळी काय होतंय ते कळत नसतं, म्हणून भीती असते. दुसऱ्या वेळी सगळं कळत असतं. पुढची पायरी कोणती, तिच्यानंतरची कोणती, हे पाठ असतं. आणि अंथरुणात पडल्या पडल्या मनात एकच वाक्य फिरत राहतं : एवढं सगळं केलं, ते पाण्यात गेलं.

या वाक्याकडे मी नंतर येते. आधी एक साधा प्रश्न सोडवावा लागतो, तो म्हणजे हे खरंच परत आलंय का. कारण आजारातून उठलेल्या माणसाला साधी उदासीसुद्धा आजारासारखी दिसते. भाचीचं लग्न मोडलं म्हणून दोन दिवस जेवण गेलं नाही, तर तो आजार नसतो. वाईट दिवस सगळ्यांनाच येतात आणि ते आपल्याला यायलाच नकोत, असा हट्ट धरला तर प्रत्येक रविवारी संध्याकाळी आपण स्वतःला पुन्हा रुग्ण ठरवून मोकळे होऊ.

डॉक्टर लोक याला दोन आठवड्यांची मोजपट्टी लावतात. बहुतेक दिवस, दिवसाचा बराचसा वेळ, सलग दोन आठवडे मन उदास आहे किंवा कशातच रस वाटत नाही आणि सोबत झोप, भूक, थकवा, एकाग्रता, स्वतःला दोष देणं यांतलं बरंच काही बिघडलंय, तर ते मनावर घ्यायचं. यासाठी पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची यादी असते. मराठीतही मिळते. प्रत्येक प्रश्नाला गेल्या दोन आठवड्यांत हा त्रास किती वेळा झाला, यावरून शून्य ते तीन गुण. एकूण सत्तावीस. पाचाच्या पुढे सौम्य, दहाच्या पुढे मध्यम, वीस किंवा जास्त म्हणजे तीव्र. यादीवरून निदान होत नाही, ते डॉक्टरच करतात. पण माझ्यासारख्या आकड्यात जगणाऱ्या बाईला तिचा एक उपयोग झाला. मी बरी असतानाही दर महिन्याच्या एक तारखेला ती भरत होते. वहीत दोन, तीन, तीन, चार असे आकडे होते. भाद्रपदातल्या त्या पंधरवड्यानंतर चौदा आले. चौदा हा चांगला आकडा नाही, पण पहिल्या वेळी डॉक्टरांकडे पोचले तेव्हा बावीस होते. म्हणजे या वेळी मी आठ पायऱ्या वरच असताना दार वाजवत होते. बरं असताना भरलेल्या त्या कंटाळवाण्या ओळी नसत्या, तर मला हा फरक दिसलाच नसता. मला फक्त "पुन्हा तेच" एवढंच दिसलं असतं.

यादीतला नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. तिथे शून्याव्यतिरिक्त काहीही उत्तर आलं, तर बाकीची बेरीज करत बसायचं नाही. त्याच दिवशी घरातल्या माणसाला सांगायचं आणि डॉक्टरांना गाठायचं. रात्री-अपरात्री डॉक्टर मिळत नसतील तर सरकारची टेली मानस ही मोफत सेवा १४४१६ या नंबरवर चोवीस तास चालू असते, मराठीतही बोलता येतं. आणि जिवाला धोका आहे असं वाटलं तर फोनवर न थांबता सरळ दवाखाना गाठायचा.

डॉक्टरांकडे गेले तेव्हा मला वाटलं होतं की ते लगेच गोळी लिहून देतील. त्यांनी आधी बराच वेळ तारखा विचारल्या. गोळी अर्धी कधी केली, बंद कधी केली, झोप कधीपासून बिघडली, त्या आधी चक्कर आली होती का, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं झालं होतं का. कारण गोळी थांबवल्यावर दोन वेगळ्या गोष्टी होऊ शकतात आणि त्या एकमेकींत गल्लत व्हावी इतक्या जवळच्या असतात. एक म्हणजे औषध सुटल्याचा त्रास. तो बहुधा गोळी कमी केल्यापासून काही दिवसांतच सुरू होतो. त्यात चक्कर, मळमळ, ते विजेचे झटके, भडक स्वप्नं, चिडचिड अशी शरीराची लक्षणं पुढे असतात आणि गोळी परत सुरू केली तर तो बऱ्याचदा लवकर ओसरतो. दुसरी गोष्ट म्हणजे आजारच परतणं. तो सहसा आठवडे-महिने जाऊ देऊन, हळूहळू, आपल्या जुन्या क्रमाने येतो. सुटल्याच्या त्रासालाच आजार समजून माणसं "आता मला जन्मभर गोळी" म्हणून घाबरतात, आणि उलट आजाराला सुटल्याचा त्रास समजून "जाईल आपोआप" म्हणत बसतात. माझ्या बाबतीत गोळी बंद होऊन अडीच-तीन महिने उलटले होते, झटके नव्हते, आणि क्रम तर ओळखीचाच होता. आजार परतला होता.

मग त्यांनी रक्त तपासायला सांगितलं. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२. चाळिशीच्या पुढच्या बाईची पाळी अनियमित झाली आहे का, तेही विचारलं. रक्तदाबासाठी किंवा आणखी कशासाठी नवीन औषध सुरू झालं का, हे विचारलं. आणि एक प्रश्न मला तेव्हा विचित्र वाटला : मधल्या चांगल्या काळात कधी असे दिवस गेले का, की झोप कमी घेऊनही अंगात जोर होता, बोलणं-खर्च करणं आवरत नव्हतं, घरचे म्हणत होते की हिला झालंय काय? मी पन्नास माणसांच्या शिऱ्याची गोष्ट सांगितली. ते हसले. म्हणाले, "मॅडम, शिरा चालतो. मी त्याहून मोठ्या गोष्टी विचारतोय." हा प्रश्न बायपोलर आजार नजरेतून निसटू नये म्हणून असतो. तो असेल तर नुसती डिप्रेशनची गोळी पुन्हा देऊन चालत नाही, उपचाराची दिशाच बदलते. आजार परतल्यावर जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून जुनीच गोळी आणणं का बरोबर नाही, ते मला त्या अर्ध्या तासात कळलं.

"माझं काय चुकलं?" हे मी त्यांना विचारलंच. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली म्हणजे हा आजार परतणारा म्हणूनच ओळखला जातो. एकदा होऊन गेलेल्यांपैकी साधारण निम्म्या लोकांना पुढे कधीतरी पुन्हा होतो आणि जितक्या वेळा होऊन जाईल तितकी पुढची शक्यता वाढते. इंग्लंडमध्ये झालेला एक अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. त्यात बरीच वर्षं गोळी घेणारे, बरे असलेले आणि आता थांबावं का असा विचार करणारे लोक होते. निम्म्यांची गोळी चालू ठेवली, निम्म्यांची हळूहळू बंद केली. कोणाला काय मिळतंय हे त्यांना ठाऊक नव्हतं. वर्षभरात बंद केलेल्यांपैकी शंभरातल्या छप्पन जणांचा आजार परतला. हा आकडा ऐकून माझं तोंड उतरलं असणार, कारण ते लगेच म्हणाले, दुसरा आकडाही ऐका. गोळी चालू ठेवलेल्यांपैकीही शंभरात एकोणचाळीस जणांचा परतला.

हिशेब करणाऱ्या माणसाला दोन आकडे शेजारी ठेवले की बरं वाटतं. गोळी चालू असती तर शक्यता कमी झाली असती, हे खरं. पण गोळी चालू असूनही ज्यांचा परतला, त्यांनी काय पाप केलं होतं? आणि बंद करूनही जे चव्वेचाळीस जण वर्षभर ठीक राहिले, त्यांनी कुठलं पुण्य केलं होतं? आधी कोणाला सांगता येत नव्हतं. आम्ही दोघांनी विचार करून एक निर्णय घेतला होता, तो त्या दिवशीच्या माहितीवर बरोबर होता आणि त्याचा निकाल आमच्या बाजूने लागला नाही. इतकंच.

त्यांची दुसरी गोष्ट मात्र मला जास्त कामाची वाटली. त्यांनी माझी जुनी फाईल उघडून दाखवली. वर्षभराच्या चांगल्या काळातही "झोप?" या रकान्यात प्रत्येक भेटीत एकच नोंद होती : पहाटे पाचच्या सुमारास जाग, नंतर झोप नाही. मला ती तक्रार वाटतच नव्हती. साडेतीनच्या मानाने पाच म्हणजे चैन होती. पण आजार ओसरल्यावर असं काहीतरी मागे उरणं, मग ती झोप असो, थकवा असो किंवा सतत स्वतःला टोचत राहणं असो, हे तो परतण्याच्या खात्रीशीर खुणांपैकी एक मानलं जातं. म्हणजे मी बरी झाले होते, पण एक खिडकी उघडी राहिली होती. या वेळी ती बंद करायची, असं ठरलं. परतलेल्या आजारावर उपचार करताना मागच्या वेळचंच सगळं पुन्हा करायचं नसतं, मागच्या वेळी काय राहून गेलं ते शोधायचं असतं, हे मला तिथे पहिल्यांदा उमगलं.

गोळी जुनीच सुरू केली, एस्सिटालोप्राम, कारण मागच्या वेळी ती लागू पडली होती. आधी पाच मिलिग्रॅम, मग दहा. तिचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे, पुरता यायला सहा ते आठ, हे मला माहीत होतं. तरी चौथ्या दिवशी मी नवऱ्याला विचारलं, "काही फरक दिसतोय का हो?" बरेचदा झोप आणि भूक आधी सुधारते, मनाची उदासी मागून. आणि फरक आधी घरच्यांना दिसतो, आपल्याला नंतर. या मधल्या काळात माणूस गोळीवर रागावून ती सोडून देतो, म्हणून हा क्रम माहीत असलेला बरा.

झोपेसाठी जे करायला सांगितलं ते ऐकायला सोपं आणि करायला जिवावर येणारं होतं. कितीही वाजता जाग आली तरी उठायची वेळ एकच, सहा. अंथरुणात वीसेक मिनिटं तळमळ झाली की उठून दुसऱ्या खोलीत बसायचं, मंद दिव्यात काहीतरी निरुपद्रवी वाचायचं आणि डोळे जड झाले तरच परत यायचं. दुपारची झोप बंद. घड्याळ भिंतीवरून काढून टाकायचं. पहिले दहा-बारा दिवस मी जास्तच दमले, तेही आधी सांगितलं होतं. निरुपद्रवी वाचन म्हणून मी जुन्या दिवाळी अंकांतली राशिभविष्यं वाचत असे. उलटून गेलेल्या वर्षांची भविष्यं पहाटे चारला वाचण्यात भलतीच करमणूक आहे.

आता ते वाक्य. एवढं सगळं केलं, ते पाण्यात गेलं.

समुपदेशक बाईंनी मला एक गोष्ट समजावली, जी टीसडेल, सीगल आणि विल्यम्स या तीन मानसशास्त्रज्ञांच्या कामातून आलेली आहे. ज्याला डिप्रेशन होऊन गेलंय, त्याच्या मनात साधी उदासी आणि स्वतःबद्दलचे काळे विचार यांची गाठ पडलेली असते. ज्याला कधी झालेलं नाही, तो माणूस उदास झाला तर फक्त उदास होतो. आपण उदास झालो की त्या गाठीमुळे मागचा सगळा गोतावळा ओढला जातो : मी कुचकामी, माझ्यामुळे सगळ्यांना त्रास, यातून सुटका नाही. मग मन त्या विचारांवर विचार करत बसतं, हे मलाच का, कुठे चुकलं. त्याला वाटतं आपण प्रश्न सोडवतोय. प्रत्यक्षात ते उदासीला खतपाणी घालत असतं. यावर त्या तिघांनी आठ आठवड्यांचा एक अभ्यासक्रम बसवला, ध्यान आणि विचारांकडे अंतरावरून बघण्याचा सराव असलेला. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत त्याच्या मदतीने गोळ्या कमी करत गेलेल्यांत आणि गोळ्या चालूच ठेवलेल्यांत दोन वर्षांत आजार परतण्याचं प्रमाण जवळपास सारखं निघालं, शंभरात चव्वेचाळीस आणि सत्तेचाळीस. मात्र हा सराव ऐन आजाराच्या तडाख्यात सुरू करायचा नसतो, बरं वाटायला लागल्यावर शिकायचा असतो. डोळे मिटून स्वतःच्या विचारांसोबत बसणं तीव्र डिप्रेशनमध्ये उलटूही शकतं. मला बाईंनी तेव्हा फक्त एवढंच करायला सांगितलं की ते वाक्य मनात आलं की त्याची वेळ वहीत लिहायची.

मी लिहिली. पहाटे चार, पहाटे साडेचार, सकाळी सात. दुपारी एखाद-दुसऱ्यांदा. संध्याकाळी सहानंतर जवळपास कधीच नाही. डिप्रेशनच्या एका प्रकारात सकाळ सर्वांत वाईट आणि दिवस कलताना जरा सैल, असं असतंच. पण माझ्या आयुष्याबद्दलचं इतकं मोठं सत्य रोज संध्याकाळी सहाला खोटं कसं पडतं, हा प्रश्न वही समोर धरल्यावर टाळता येईना. निराशा ही या आजाराच्या लक्षणांच्या यादीत झोप आणि भुकेच्या शेजारी बसलेली आहे. मलेरियाच्या रुग्णाला थंडी वाजली म्हणून कोणी हवामान खात्याला फोन करून बर्फ पडणार का असं विचारत नाही. पण निराशा आली की मात्र आपण तिलाच विचारतो, माझं पुढे काय होणार? ती काय सांगणार, ते ठरलेलंच आहे. तेव्हापासून मी एक नियम पाळला. नोकरी सोडावी का, नणंदेच्या घरी दिवाळीला जावं का, हे उपचार कामाचे आहेत का, असे कुठलेही निर्णय दुपारी बाराच्या आधी घ्यायचे नाहीत.

दिवसभराचं काय, हा प्रश्न उरला. "मन रमव, कामात राहा," असं सगळे सांगतात आणि ते ऐकून संताप होतो, कारण मन रमत नाही हाच तर आजार आहे. यावरचा जो उपचार आहे तो वेगळा आहे. त्यात मन लागेपर्यंत थांबायचं नाही, आणि मन लागेल अशी अपेक्षाही ठेवायची नाही. काम इतकं लहान करायचं की ते करायला मन लागावंच लागू नये. बाईंनी वहीत चार रकाने आखायला लावले : वेळ, काय करणार, किती बरं वाटेल असा अंदाज, प्रत्यक्षात किती वाटलं. शेवटच्या दोन्हींना दहापैकी गुण.

एका मंगळवारचा हिशेब सांगते. सकाळी साडेसात, आंघोळ. अंदाज शून्य, प्रत्यक्षात दोन. साडेआठ, खाली जाऊन दुधाची पिशवी आणणं. अंदाज एक, प्रत्यक्षात एक. संध्याकाळी पाच, मेथीची जुडी निवडणं. मंडईत जायचंच नव्हतं, नवऱ्याने आणलेली होती, त्यामुळे काय घ्यावं हा प्रश्न नव्हता. स्वयंपाक करायचा नव्हता, तो आई, म्हणजे माझ्या सासूबाई, करणार होत्या. फक्त निवडायची. अंदाज एक. मी वर्तमानपत्र पसरलं, जुडीचा दोरा सोडला. पहिल्या दहा-बारा काड्या हात यंत्रासारखे चालले. मग पानांची एक बाजू गार लागते आणि देठाशी जरा चिकट, हे बोटांना कळायला लागलं. मातीचा वास आला. त्या आठवड्यात मला आलेला तो पहिला वास होता. समोर आई टीव्ही बघत होत्या, मध्येच म्हणाल्या, "देठं एवढी बारीक नको गं मोडूस, जन्म जाईल." मी हसले नाही, पण हसू येऊ शकेल अशी जागा आत कुठेतरी आहे, असं जाणवलं. प्रत्यक्षात चार.

चार म्हणजे आनंद नव्हे. पण रकान्यात अंदाज एक आणि प्रत्यक्ष चार असं असेल, तर अंदाज करणारं खातं चुकीचे आकडे देतंय, हे मला माझ्या धंद्यामुळे लगेच पटतं. आठवड्याच्या शेवटी बघितलं तर अंदाज जवळजवळ दर वेळी कमी निघत होता. काही नोंदी बरोबरही निघाल्या. मैत्रिणीला फोन केला तो अंदाज एक, प्रत्यक्षात शून्य. तिने तिच्या आत्याच्या डिप्रेशनची गोष्ट सांगितली आणि मग पंचकर्माची. तो फोन पुढच्या आठवड्यात यादीतून काढला. उपचारात हेही बसतं. जे करून दर वेळी खाली जातो ते काढायचं, आणि जे करून थोडं वर येतो ते पुढच्या आठवड्यात थोडं मोठं करायचं. माझी मेथी पुढे मंडईपर्यंत गेली, आधी "फक्त मेथी घेऊन यायची" अशी.

घरच्यांबद्दल लिहायलाच हवं. आईंनी पहिल्या आठवड्यात विचारलं होतं, "अगं, परत सुरू झालं का?" त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, पण "परत" शब्दाने मी खोलीत जाऊन दार लावलं. नवऱ्याचं मात्र बरं होतं, कारण त्याच्याकडे कागद होता. मी बरी असताना बाईंनी आम्हा दोघांना बसवून तो लिहून घेतला होता. एका बाजूला माझ्या खुणा, मी सांगितलेल्या. दुसऱ्या बाजूला त्याला दिसलेल्या खुणा. त्यात त्याने लिहिलं होतं, "सकाळी रेडिओ लावत नाही." मला हे माहीतच नव्हतं! बरी असले की मी सकाळी रेडिओ लावते, आणि आजार यायच्या आधीच तो बंद पडतो, झोपेच्याही आधी. खाली लिहिलं होतं की खुणा दोन आठवडे टिकल्या तर डॉक्टरांची वेळ कोण घेणार (तो), कार्यालयात कोणाला आणि किती सांगायचं (वरिष्ठांना, "तब्येतीचं कारण" एवढंच), गोळ्यांच्या पट्ट्या कोणाकडे राहणार (त्याच्याकडे), आणि काय बोलायचं नाही. त्या शेवटच्या यादीत "मनाने घेतलंस तर होईल" हे माझ्या अक्षरात, दोनदा अधोरेखित आहे. भाद्रपदात त्याने मला विचारलंच नाही की वेळ घेऊ का. कागदावर होतं, त्याने फोन केला. आजारी माणसाला "तुला काय वाटतं, जाऊया का?" असं विचारणं म्हणजे त्याच्या निराशेचं मत मागणं. ते मत बरं असताना आधीच घेऊन ठेवलेलं होतं.

पुढचे आठवडे सरळ गेले नाहीत. चौदाचे अकरा झाले, मग बारा, मग आठ, आणि दसऱ्याच्या सुमारास एकदम पुन्हा बारा. त्या बाराने मला चौदापेक्षा जास्त हलवलं. मध्ये चार दिवस चांगले गेले होते आणि मी हळूच आशा धरली होती. डॉक्टरांनी वहीतले आकडे बघून विचारलं की दसऱ्याच्या आधी काय झालं. पाहुणे आले होते, दोन रात्री जागरण, आणि त्या गडबडीत एक दिवस गोळी राहिली होती. ते म्हणाले, तब्येतीच्या आलेखाची खालची टोकं बघा, प्रत्येक आपटी आधीच्यापेक्षा थोडी वर थांबतेय का, एवढंच बघायचं. बरं होताना चढउतार असतातच. पण पुरेसा डोस घेऊन सहा-आठ आठवड्यांनीही खालची टोकं तिथेच असती, तर त्यांनी डोस वाढवला असता किंवा गोळी बदलली असती. तसं करावं लागणाऱ्यांची संख्याही कमी नाही आणि त्यातही उपचार संपल्यासारखं काही नसतं. माझी टोकं वर सरकत होती. दिवाळीच्या आधी सहा, आणि नाताळात तीन. झोप मात्र या वेळी साडेपाचपर्यंत आली, मागच्यापेक्षा अर्ध्या तासाने पुढे, आणि अजून त्यावर काम चालू आहे.

आता गोळी किती दिवस, यावर आमची थोडी ओढाताण झाली. पहिल्यांदा आजार झाला तर बरं वाटल्यानंतर सहा ते नऊ महिने चालू ठेवतात. दुसऱ्यांदा झाल्यावर निदान दोन वर्षांचा सल्ला बरेचदा मिळतो. माझं म्हणणं एक वर्ष, त्यांचं दोन. मी दोनला तयार झाले, पण बंद करण्याची पद्धत बदलून मागितली. मागच्या वेळी दहाची पाच झाली आणि पाचाची शून्य. दिसायला दोन्ही टप्पे सारखे. मेंदूवर होणारा परिणाम मात्र तसा समान उतरत नाही, हे स्कॅन करून पाहिलेलं आहे. दहावरून पाचवर येताना तो थोडाच कमी होतो आणि शेवटच्या पाच मिलिग्रॅममध्ये जवळजवळ सगळा असतो. म्हणून शेवटाकडे टप्पे लहान करत न्यायचे, पाच, अडीच, त्याहून कमी, आणि प्रत्येक टप्प्यावर काही आठवडे थांबायचं. ही यादी डॉक्टरांनी फाईलमध्ये लिहून ठेवली आहे. कधी सुरू करायचं तेही तिथेच लिहिलंय, माझ्या आग्रहावरून : मार्चअखेर झाल्यावर, ऑडिट आटोपल्यावर, घरात लग्नकार्य नसेल तेव्हा. ते वाचून नवरा म्हणाला, "म्हणजे आपल्या घरात कधीच नाही." मग त्याने कॅलेंडर काढलं आणि आम्ही जूनचे दोन आठवडे शोधले.